सप्तपदी झाली होती का? हिंदू लग्नाच्या वैधतेवर वाद आला तर काय करायचं

माझ्या ताईच्या लग्नाला चार वर्षं झाल्यावर तिच्या नवऱ्याने कोर्टात लेखी म्हणणं दिलं की आमचं लग्नच झालेलं नाही. देवळात हार घातले, फोटो काढले, जेवलो, बस्स. त्याच माणसाने पुढच्या वर्षी दुसरं लग्न केलं. आम्ही एकीकडे ताईचं लग्न झालं होतं हे सिद्ध करत होतो आणि दुसरीकडे त्याचं दुसरं लग्न झालं होतं हे. पहिलं सिद्ध झालं, दुसरं झालं नाही. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता: सातवं पाऊल पडलं होतं का? पण तो तपासायची फूटपट्टी दोन्हीकडे वेगळी निघाली. हे आधी कळलं असतं तर आमची दोन वर्षं आणि बरीच धावपळ वाचली असती. मी वकील नाही. पक्षकाराच्या बाजूने जे शिकलो ते लिहितोय, तुमच्या प्रकरणात वकील लागेलच.

१. आधी तुमच्या घरची रीत कोणती ते ठरवा

सप्तपदीशिवाय हिंदू लग्न होतच नाही, असं बरेच जण ठामपणे सांगतात. ते अर्धंच खरं आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ७ मध्ये दोन भाग आहेत. पहिला भाग म्हणतो की वर किंवा वधू, दोघांपैकी कोणत्याही एका पक्षाच्या रूढ रीतींनुसार आणि विधींनुसार लग्न लावता येतं. दुसरा भाग म्हणतो की त्या विधींमध्ये सप्तपदी येत असेल, तर सातवं पाऊल टाकलं की लग्न पूर्ण आणि बंधनकारक होतं. म्हणजे सप्तपदी सगळ्यांना सक्तीची नाही. ज्यांच्या रीतीत ती आहे, त्यांचं लग्न मात्र तिच्याशिवाय अपुरं राहतं.

हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. बौद्ध पद्धतीच्या लग्नात त्रिशरण-पंचशील असतं, होम आणि सप्तपदी नसते, आणि ते लग्न त्या रीतीनेच पाहिलं जातं. आपल्याकडे अनेक समाजांत विधवेचं किंवा सोडचिठ्ठी झालेल्या बाईचं लग्न 'पाट' लावून, 'म्होतूर' लावून करायची जुनी चाल आहे. तिथेही विधी थोडके आणि वेगळे असतात.

पण 'आमच्यात असंच चालतं' एवढं कोर्टात पुरत नाही. रूढी म्हणजे दीर्घकाळ, सातत्याने आणि एकसारखी पाळली गेलेली रीत, अशी व्याख्या कायद्यातच आहे. ती अर्जात स्पष्ट शब्दांत मांडावी लागते आणि मग साक्षीदारांकडून सिद्ध करावी लागते. महाराष्ट्रातलाच भाऊराव लोखंडे खटला (सर्वोच्च न्यायालय, १९६५) यासाठी वाचण्यासारखा आहे. त्यात दुसरं लग्न 'गांधर्व' पद्धतीने झालं असं सांगितलं गेलं. वधूवरांनी एकमेकांना हार घातले, कपाळाला कपाळ लावलं, पण होम आणि सप्तपदी नव्हती. समाजात गेल्या काही वर्षांपासून असंच चालतं, असा बचाव झाला तेव्हा कोर्टाने सांगितलं की पाच-सात वर्षांच्या प्रथेने रूढी तयार होत नाही. लग्न 'लावणं' म्हणजे योग्य विधींसह ते साजरं करणं, असा अर्थ तिथे पक्का झाला. ते दुसरं लग्न कायद्याने ठरलं नाही आणि आरोपी सुटले.

इथे एक सापळा आहे. हार किंवा अंगठी घातली तरी पुरतं, असं सांगणारे लेख तुम्हाला सापडतील. ते बहुतेक तमिळनाडूबद्दल असतात. तिथे राज्याने कलम ७-अ जोडून 'सुयमरियादै' म्हणजे स्वाभिमान लग्नाला मान्यता दिली आहे. महाराष्ट्रात ते कलम नाही.

२. 'लग्न लागलं' आणि 'लग्न पूर्ण झालं' यातला फरक समजून घ्या

आमच्या प्रकरणात सगळ्यात जास्त घोटाळा इथे झाला. आपल्या बोलण्यात अंतरपाट खाली आला, शेवटचं मंगलाष्टक संपलं, अक्षता पडल्या की लग्न लागलं. पत्रिकेवरचा मुहूर्तही त्याच क्षणाचा. पाहुणे पंगतीकडे वळतात, फोटोग्राफरही ताट घ्यायला जातो. कन्यादान, मंगळसूत्र, लाजाहोम, पाणिग्रहण आणि सप्तपदी हे सगळं त्यानंतर होतं. तेव्हा मांडवात भटजी, आईवडील आणि एखादी करवली एवढीच माणसं उरलेली असतात.

ताईच्या लग्नाला साठ माणसं होती. साक्ष द्यायला कोण तयार आहे विचारलं तेव्हा अकरा जणांनी होकार दिला. वकिलांनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, 'तुम्ही सप्तपदी डोळ्यांनी पाहिली का?' तिघं उरले: आई, मावशी आणि भटजी. मी स्वतः तेव्हा पंगतीत वाढत होतो.

दुसरा घोटाळा शब्दांचा आहे. सिनेमांमुळे आपणही 'सात फेरे' म्हणायला लागलो आहोत. पण आपल्या पद्धतीत सप्तपदी म्हणजे अग्नीभोवतीच्या प्रदक्षिणा नव्हेत. तांदळाच्या सात राशी मांडतात, वर वधूचा हात धरून तिला एकेका राशीवर पाऊल ठेवायला लावतो, आणि प्रत्येक पावलाला वेगळा मंत्र असतो. सातव्याला 'सखा सप्तपदी भव'. प्रदक्षिणा लाजाहोमाच्या वेळी होतात, तो वेगळा विधी. आमच्या मावशीने सरतपासणीत सवयीने 'सात फेरे घेतले' म्हटलं आणि उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी ते धरून ठेवलं. अग्नीभोवती सात फेरे झाले का? कोणत्या बाजूने? तुमच्या घरी कोणत्या लग्नात सात फेरे झालेत? मावशी गडबडली. भटजींनी नंतर क्रम नीट सांगितला म्हणून निभावलं. साक्षीदाराला काही पढवायचं नाही, ते चुकीचंही आहे आणि उघडंही पडतं. पण जे पाहिलं ते त्याच्या खऱ्या नावाने सांगा, एवढं सांगायला हरकत नाही.

३. नोंदणीचा दाखला म्हणजे लग्न नव्हे

'आमच्याकडे मॅरेज सर्टिफिकेट आहे' हे वाक्य मी कोर्टाच्या आवारात अनेकदा ऐकलं. कलम ८ खालची नोंदणी झालेल्या लग्नाचा पुरावा सोपा करण्यासाठी असते. न झालेलं लग्न ती करून देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डॉली राणी प्रकरणात एप्रिल २०२४ मध्ये हे स्वच्छ सांगितलं. दोघं व्यावसायिक वैमानिक होते. विधी न करता एका संस्थेकडून लग्नाचं प्रमाणपत्र घेतलं होतं, त्यावर सरकारी नोंदणी केली होती, आणि खरा समारंभ नंतर करायचा ठरला होता. तो व्हायच्या आधीच बिनसलं. विधीच झाले नाहीत, सबब लग्न झालं नाही आणि दोन्ही दाखले निरर्थक, असा निकाल लागला. व्हिसासाठी, क्वार्टरसाठी 'आधी कागद करून घेऊ, लग्न मग' असं जे चालतं, त्याने नेमकं हेच होतं.

मग 'रजिस्टर लग्न' केलेल्यांचं काय? इथे दोन वेगळ्या गोष्टींना आपण एकच नाव देतो. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली तीस दिवसांची नोटीस देऊन, विवाह अधिकाऱ्यासमोर तीन साक्षीदारांच्या देखत लग्न केलं असेल, तर तिथे विधींचा प्रश्नच येत नाही. अधिकाऱ्यासमोरची घोषणा म्हणजेच लग्न. म्हणून कपाटातला दाखला काढा आणि त्यावर कोणत्या कायद्याचं नाव आहे ते आधी वाचा. १९५४ चा कायदा आणि अधिकाऱ्यासमोर लग्न असं असेल तर या लेखाचा बराच भाग तुमच्यासाठी नाही.

तरीही हिंदू विवाहाच्या नोंदणीचा कागद फेकू नका. नोंदणीच्या अर्जावर लग्न लावणाऱ्या पुरोहिताचं नाव आणि सही असते. आमचे भटजी दुसऱ्या गावी राहायला गेले होते. त्यांचा शोध आम्हाला त्या अर्जाच्या प्रमाणित प्रतीवरूनच लागला.

४. कोणत्या कोर्टात कोणता प्रश्न आहे ते ओळखा

पोटगीचा अर्ज असेल (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४), तर लग्नाचा काटेकोर पुरावा मागितला जात नाही. दोघं नवराबायको म्हणून राहत होते, लोक त्यांना तसं ओळखत होते, हे प्रथमदर्शनी दिसलं तरी अर्ज चालतो. 'लग्नच झालं नाही' एवढं म्हणून समोरचा सुटत नाही. त्यामुळे पैशांची निकड असेल तर वैधतेच्या निकालाची वाट पाहत बसू नका.

लग्न आहे की नाही हे कायमचं ठरवून हवं असेल, तर कौटुंबिक न्यायालयात वैवाहिक दर्जाच्या घोषणेसाठी दावा करता येतो. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही तिथे दिवाणी न्यायालयात. इथे कायदा लग्नाच्या बाजूने झुकतो. लग्नाचा समारंभ झाला आणि त्यानंतर दोघं बराच काळ पतीपत्नी म्हणून राहिले, हे दाखवलं की आवश्यक विधीही झाले असतील असं गृहीत धरता येतं. मग ते झाले नाहीत, हे दाखवायची जबाबदारी नाकारणाऱ्यावर येते. बद्री प्रसाद प्रकरणात (१९७८) जवळपास पन्नास वर्षं एकत्र राहिलेल्या जोडप्याच्या लग्नाचा पुरोहित आणि साक्षीदार शोधत बसायचं का, असा प्रश्न आला होता, आणि सर्वोच्च न्यायालयाने गृहीतकाच्या बाजूने निर्णय दिला. अर्थात हे गृहीतक खोडता येतं. नवरा किंवा बायको आधीच विवाहित होती असं दिसलं की ते कोसळतं.

आणि द्विभार्येचा फौजदारी खटला असेल (पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ४९४, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८२), तर हे गृहीतक तिथे चालत नाही. पहिलं आणि दुसरं, दोन्ही लग्नं विधींसह सिद्ध करावी लागतात. आरोपीने 'हो, मी दुसरं लग्न केलं' असं कुठे कबूल केलं असलं, तरी ती कबुली विधींच्या पुराव्याची जागा घेत नाही. कंवल राम (१९६६) आणि प्रिया बाला घोष (१९७१) ही प्रकरणं वकील याचसाठी पुढे करतात.

आमचं इथेच फसलं. त्याच्या दुसऱ्या लग्नाचे फोटो होते, हार होते, मंगळसूत्र होतं. एका नातेवाइकाला त्याने पाठवलेला 'लग्न झालं, आशीर्वाद द्या' असा मेसेज होता. आम्हाला वाटलं, आणखी काय हवं? पण त्या समारंभाला आमच्या बाजूचं कुणी हजर असणार नव्हतं आणि त्यांच्या बाजूचं कुणी बोलणार नव्हतं. त्या देवळाचे पुजारी आठवत नाही म्हणाले. होम आणि सप्तपदी पाहिलेला एकही माणूस मिळाला नाही. तो निर्दोष सुटला. ज्याला दुसऱ्या लग्नातून सुटायचं असतं तो सातवं पाऊल टाळतो किंवा त्याचा पुरावा उरू देत नाही, ही या कायद्यातली उघडी फट आहे, आणि ती मला आजही पटत नाही.

एक तांत्रिक गोष्ट. ही तक्रार पोलिसांकडे दिलेल्या साध्या फिर्यादीवर पुढे जाईलच असं नाही. पीडित व्यक्तीने न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करायची ती तक्रार असते. बायकोच्या वतीने तिचे आईवडील, भाऊ, बहीण, मुलं, काका, मामा, आत्या किंवा मावशीही ती करू शकतात.

५. पुरावा गोळा करायला या क्रमाने लागा

सगळ्यात आधी माणसं. भटजी कोण होते, कन्यादान कुणी केलं, करवली कोण होती, सप्तपदीच्या वेळी तांदळाच्या राशी कुणी मांडल्या. राशी मांडणाऱ्या माणसाला सहसा नीट आठवतं, कारण त्याचं लक्ष तिथेच असतं.

मग चित्रीकरण. अल्बमवर विसंबू नका. फोटोग्राफर निवडक फोटो देतो आणि त्यात सप्तपदी अनेकदा गाळलेली असते. त्याच्याकडे न छापलेले फोटो आणि मूळ फाइल उरल्या आहेत का ते विचारा. ताईच्या अल्बममध्ये सप्तपदीचा एकही फोटो नव्हता. मूळ फाइलींत चार निघाले, आणि एकात ताईचा पाय शेवटच्या राशीवर होता. व्हिडिओत मंत्र ऐकू येत असतील तर फारच उत्तम. अशा डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा. म्हणून मूळ मेमरी कार्ड किंवा हार्ड डिस्क जपा. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या प्रतीवर पहिला आक्षेप येतो.

त्यानंतर कागद. आम्ही दिलेले असे होते:

- लग्नपत्रिका आणि देवळाची किंवा कार्यालयाची पावती
- नोंदणीच्या अर्जाची आणि दाखल्याची प्रमाणित प्रत
- दोघांची नावं असलेलं रेशन कार्ड, भाडेकरार आणि बँकेतलं संयुक्त खातं
- नवऱ्याने नोकरीत भरून दिलेला नॉमिनीचा अर्ज, ज्यात नात्याच्या रकान्यात त्याच्या अक्षरात 'पत्नी' लिहिलं होतं

शेवटचा कागद कौटुंबिक न्यायालयात सगळ्यात बोलका ठरला. फौजदारी खटल्यात असल्या कागदांनी दुसरं लग्न सिद्ध होत नाही, हे मात्र पुन्हा लक्षात ठेवा.

६. अर्जातली मागणी चुकवू नका

विधी झाले नाहीत म्हणून लग्न अमान्य ठरवा, असा अर्ज बरेच जण हिंदू विवाह कायद्याच्या कलम ११ किंवा १२ खाली टाकतात. कलम ११ मध्ये तीनच कारणं आहेत: आधीचा जोडीदार हयात असणं, निषिद्ध नातं आणि सपिंड नातं. विधींचा अभाव त्यात नाही, कलम १२ मध्येही नाही. विधीच झाले नसतील तर लग्न अस्तित्वातच आलं नाही, त्यामुळे मागायची असते ती तशी घोषणा. आणि तुम्ही लग्न आहे म्हणणाऱ्या बाजूचे असाल, तर कोणते विधी, कोणत्या क्रमाने, कुणासमोर झाले हे अर्जातच लिहा. आमच्या पहिल्या मसुद्यात 'हिंदू पद्धतीने विवाह झाला' एवढंच वाक्य होतं. दुसऱ्या वकिलांनी ते दुरुस्त करून होम आणि सप्तपदीचा स्वतंत्र परिच्छेद घातला. नाहीतर भटजींची साक्ष ही नंतर रचलेली गोष्ट आहे, असं म्हणायला समोरच्याला जागा मिळाली असती.

७. निकाल विरुद्ध गेला तर काय उरतं

लग्न नव्हतंच असं ठरलं, तर घटस्फोट लागत नाही, पण पत्नी म्हणून वारसाहक्कही उरत नाही. मुलांचं काय, हा पहिला प्रश्न सगळे विचारतात. कलम १६ चं संरक्षण कलम ११ आणि १२ खाली रद्द ठरणाऱ्या लग्नांतल्या मुलांसाठी लिहिलेलं आहे. लग्न झालंच नव्हतं असं ठरल्यावर त्यावर वाद उभा राहतो, म्हणून मूल असेल तर वकिलांशी हा मुद्दा पहिल्याच भेटीत काढा. मुलाच्या पोटगीला मात्र याने बाधा येत नाही, कारण नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ औरस आणि अनौरस असा भेद करत नाही. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ लग्नासारख्या नात्यात राहिलेल्या बाईलाही संरक्षण देतो. आणि लग्न होत नाही हे माहीत असून कुणी फसवणुकीच्या हेतूने विधींचं नाटक केलं असेल, तर न्याय संहितेच्या कलम ८३ खाली तो वेगळा गुन्हा आहे. द्विभार्येची तक्रार विधींअभावी पडायची शक्यता दिसत असेल, तर हे कलम लावता येईल का, ते वकिलांना सुरुवातीलाच विचारा. आम्ही ते विचारलं निकालानंतर.

ताईच्या बाजूने घोषणा झाली तेव्हा निकालपत्रात भटजींच्या साक्षीला दीड पान होतं. आईच्या साक्षीला सहा ओळी. माझं नाव एकदाच आलं, 'साक्षीदार त्या वेळी भोजनाच्या व्यवस्थेत होता' एवढंच.